वर्षभराची रजा की वर्षभराने दिलेला राजीनामा?

हिंजवडी आणि माण ही गावे मुळशी तालुक्यात येतात, हे पुण्यात राहणाऱ्या अनेकांना आजही ठाऊक नसते. मुळशी म्हटले की धरण आठवते, भातखाचरे आठवतात. पण राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील काचेच्या इमारती याच तालुक्याच्या मातीवर उभ्या आहेत आणि रोज सकाळी वाकडच्या पुलाखालून तिकडे निघणाऱ्या गर्दीत आमच्या समाजाच्या मुलीही आता दिसतात. देहूरोड, पिंपरी, दापोडी, विश्रांतवाडी या वस्त्यांतून शिकून वर आलेली ही पहिली पिढी आहे. आई धुणीभांडी करणारी, बाप कारखान्यात किंवा पालिकेच्या कचरागाडीवर, आणि मुलगी संगणक अभियंता. हे यश कोणाच्या मेहेरबानीने आलेले नाही. म्हणूनच या मुली आई होतात तेव्हा त्यांच्या नोकरीचे काय होते, हा आम्हाला केवळ घरगुती प्रश्न वाटत नाही.

कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची. २०१७ च्या दुरुस्तीने ती बारावरून सव्वीस झाली. त्यापैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणापूर्वी घेता येतात. म्हणजे रजा संपते तेव्हा मूल चार ते सहा महिन्यांचे असते. ते अजून नीट बसतही नाही. सासरी-माहेरी रिकामी आजी असेल तर निभावते. परंतु आमच्या घरांतली आजी रिकामी नसते, ती स्वतः दुसऱ्यांच्या घरी कामाला जात असते. मग ही मुलगी मॅनेजरकडे जाते आणि म्हणते, मला एक वर्ष घरी राहू द्या, मूल दीड वर्षाचे झाले की मी परत येते. येथून खरा प्रश्न सुरू होतो, कारण या एका वर्षाबद्दल खासगी नोकरीतील स्त्रीच्या बाजूने कायद्यात एक ओळही नाही.

हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे. सव्वीस आठवडे हा हक्क आहे, त्यानंतरचे वर्ष ही मालकाची मर्जी आहे. सव्वीस आठवड्यांनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ मध्ये आली, पण तीही मालक आणि ती स्त्री यांच्यात ठरेल त्या अटींवर. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, हीही तरतूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी या तरतुदी तशाच पुढे आल्या आहेत. परंतु ज्याला इंग्रजीत करिअर ब्रेक म्हणतात त्या वर्षभराच्या खंडाला संहितेतही जागा नाही. मग ते वर्ष कसे मिळते, हे केवळ एका गोष्टीवर ठरते. कागदावर काय लिहिले आहे?

उदाहरणच घेऊ. देहूरोडची एक अभियंता डोळ्यांसमोर आणा. तिथल्या ज्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्याच्या परिसरात ती वाढली. १ जानेवारी २०२२ रोजी ती हिंजवडीतील एका कंपनीत लागली. पगार साठ हजार, त्यातील मूळ वेतन तीस हजार. १ डिसेंबर २०२५ पासून तिने बाळंतपणाची रजा घेतली, त्या महिन्याच्या अखेरीस मूल झाले, आणि १८२ दिवस मोजले तर ३१ मे २०२६ रोजी तिची रजा संपते. त्या दिवशी मूल पाच महिन्यांचे असते. तिला १ जून २०२६ ते ३१ मे २०२७ हे वर्ष हवे आहे.

मॅनेजर वाईट माणूस नाही असे धरू. तो गोड बोलून म्हणतो, "अगं, एवढं कशाला टेन्शन घेतेस? तू राजीनामा देऊन टाक, वर्षाने फोन कर, आपण तुला परत घेऊच." शब्द गोड आहेत. परंतु या एका वाक्याने तिचे काय जाते ते पाहा.

पहिली गेली ग्रॅच्युइटी. नियमित नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. ३१ मे २०२६ रोजी तिची सेवा चार वर्षे पाच महिन्यांची आहे, म्हणून राजीनामा दिला तर हाती शून्य. वर्षाने तीच कंपनी तिला परत घेईल तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. याउलट तेच वर्ष मंजूर रजा म्हणून मिळाले तर नोकरी तुटत नाही, कारण मंजूर रजा सलग सेवेत धरली जाते, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. डिसेंबर २०२६ च्या अखेरीस ती घरी मूल सांभाळत असतानाच तिची पाच वर्षे पूर्ण होतात. ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे. शेवटचे मूळ वेतन, त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचे आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचे. तीस हजारांवर पाच वर्षांचे ८६,५३८ रुपये होतात. "बिनपगारी रजा सेवेत धरणार नाही" असा वाद काही कंपन्या पुढे घालतात, म्हणूनच "सलग सेवेत धरली जाईल" हे शब्द आधीच लिहून घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट निवृत्तिवेतनाची. भविष्य निर्वाह निधीत मालकाच्या वाट्यातून दरमहा एक भाग पेन्शन योजनेत जातो आणि पेन्शनला पात्र होण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. पगार नाही तर वर्गणी नाही, म्हणून बिनपगारी वर्ष त्या दहांत मोजले जात नाही. रजा असो वा राजीनामा, हे नुकसान दोन्हीकडे आहे. पण राजीनामा दिलेली बाई आणखी एक चूक करते. घरात पैशांची ओढ असते, कोणीतरी एजंट सांगतो, आणि ती निधीबरोबर पेन्शनचीही रक्कम काढून घेते. त्या क्षणी तिची आधीची साडेचार वर्षे पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात आणि दहा वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. निधी खात्यात तसाच राहू दिला तर त्यावर व्याज मिळत राहते आणि परतल्यावर त्याच यूएएन क्रमांकावर पुढची सेवा जोडली जाते. आमच्या किती भगिनींनी अज्ञानापोटी ही चूक केली असेल!

तिसरी गोष्ट विम्याची. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात नुकतेच त्या बाळाचे नाव चढलेले असते. राजीनामा स्वीकारला की विमा संपतो. आणि मूल एक वर्षाचे होईपर्यंतच तर दवाखान्याच्या फेऱ्या सर्वांत जास्त. रजेवर असलेल्या बाईला हप्ता स्वतः भरून विमा चालू ठेवण्याची मुभा कंपनी देऊ शकते. पण ती मागावी लागते. कोणी आपणहून देत नाही.

राजीनामा आणि रजा यांतला फरक कागदावर कसा ओळखायचा, हेही सांगितले पाहिजे, कारण एचआर खात्याची भाषा गुळगुळीत असते. कंपनीच्या पोर्टलवर राजीनाम्याचा अर्ज भरायला सांगितले, अंतिम हिशेबाचे पत्र आले, कार्यमुक्तीचे पत्र आले, तर ती रजा नव्हे. वरती 'सबॅटिकल' लिहिलेले असले तरी नव्हे. रजेच्या पत्रात सुरुवातीची तारीख असते, परत रुजू होण्याची तारीख असते आणि कर्मचारी क्रमांक तोच राहतो. परत येताना नवा नियुक्ती अर्ज, नवी मुलाखत, नवा परिविक्षा काळ असे काही दिसले तर समजावे की वर्षापूर्वी रजा मिळालीच नव्हती, राजीनामा घेतला गेला होता.

आणि समजा रजाच मिळाली, तरीही परतीच्या अटी जपून वाचाव्या लागतात. या पत्रांत तीन शब्द हमखास असतात, "जागा उपलब्ध असल्यास". हे तीन शब्द पत्रात राहिले तर बाकीच्या पानभर मजकुराला काही किंमत उरत नाही. आय.टी. कंपनीत प्रकल्प संपतात, माणसे बेंचवर बसतात, मंदी येते. वर्षाने "सध्या जागा नाही" म्हणायला कोणाला काय लागते? म्हणून अट अशी हवी की त्याच श्रेणीच्या आणि त्याच पगाराच्या पदावर रुजू करून घेतले जाईल, आणि त्या दिवशी प्रकल्प नसेल तर इतर कर्मचाऱ्यांना बेंचवर जे नियम लागतात तेच तिलाही लागतील. तोच प्रकल्प, तोच मॅनेजर मिळेल अशी हमी मागू नये, ती कोणतीच कंपनी देऊ शकत नाही आणि तेवढ्यावरून सगळाच अर्ज फेटाळला जातो. श्रेणी आणि पगार यांवर मात्र ठाम राहावे. वार्षिक वेतनवाढीचेही लिहून घ्यावे. गेलेल्या वर्षाची वाढ मिळणार नाही हे मान्य, पण परतल्यावरच्या मूल्यमापनात ते रिकामे वर्ष "कमी कामगिरी" म्हणून धरले जाऊ नये.

एक बारकावा तर वकिलांच्याही नजरेतून सुटतो. बाळंतपणाचा लाभ मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम झालेले असावे लागते. आता आमच्या देहूरोडच्या अभियंत्याचे पाहा. ती १ जून २०२७ ला परतली आणि दुसऱ्या मुलाची अपेक्षित तारीख १५ जुलै २०२७ असली, तर मागच्या बारा महिन्यांत तिचे काम भरते जेमतेम सहा आठवड्यांचे. दुसऱ्या मुलालाही सव्वीस आठवडे मिळतात हा कायदा खरा, पण या बाईला त्यातला एकही दिवस मिळणार नाही. परतल्यानंतर तीन-चार महिने काम पदरात पडल्याशिवाय हा हक्क परत जागा होत नाही. दोन मुलांत कमी अंतर ठेवून एकदाच काय ते उरकून टाकू, असा सल्ला घरची वडीलधारी माणसे देतात. त्यांना हे कोण सांगणार?

अर्ज केव्हा करायचा, यालाही फार महत्त्व आहे. बाळंतपणाच्या रजेवर असताना स्त्रीला कामावरून काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. हे संरक्षण रजेबरोबर संपते. म्हणजे मागणी करण्याची तिची ताकद रजा चालू असताना सर्वांत जास्त आणि रजा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत कमी. तरीही बहुतेक जणी शेवटच्या आठवड्यात, मूल सोडवेना म्हणून रडवेल्या होऊन फोन करतात. फोनवर मिळालेल्या होकाराला काही अर्थ नाही. मॅनेजर बदलतो, कंपनी सोडतो, आणि नव्याला काही आठवत नाही. रजा संपण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज गेला पाहिजे आणि ज्याला मंजुरीचा अधिकार आहे त्याची लेखी मंजुरी, ईमेलने का होईना, रजा संपण्यापूर्वी हातात आली पाहिजे. ती ईमेल कंपनीच्या खात्यावरून स्वतःच्या खासगी खात्यावर मागवून घ्यावी, कारण लॅपटॉप जमा केला की कंपनीची ईमेल उघडत नाही.

अर्ज लांबलचक नको. आम्ही तो साधारण असा लिहिला असता : "माझी मातृत्व रजा ३१ मे २०२६ रोजी संपत आहे. लहान मुलाच्या संगोपनासाठी मला १ जून २०२६ ते ३१ मे २०२७ या काळात बिनपगारी रजा मंजूर करावी. हा राजीनामा नाही. ही रजा माझ्या सलग सेवेत धरली जावी व १ जून २०२७ रोजी मला सध्याच्या श्रेणीत व सध्याच्या वेतनापेक्षा कमी नसलेल्या वेतनावर रुजू करून घ्यावे. परत येण्याबाबत मी १ एप्रिल २०२७ पूर्वी लेखी कळवीन. या काळात मी अन्यत्र नोकरी करणार नाही. आरोग्य विम्याचा हप्ता मी स्वतः भरण्यास तयार आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून काही दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी." यात मागणे आहे तसे देणेही आहे. दोन महिने आधी कळवण्याचे वचन कंपनीच्या सोयीचे आहे, आणि अशा वचनामुळेच व्यवस्थापनाला वरच्या साहेबापुढे अर्ज मांडता येतो. वचन दिले की ते पाळायचे मात्र. १ एप्रिल चुकवला तर कंपनीला आयते निमित्त मिळते.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांनी परतणाऱ्या स्त्रियांसाठी योजना काढल्या आहेतच की. टाटा समूहाने २००८ मध्ये 'सेकंड करिअर' नावाने अशी योजना सुरू केली, पुढे इतरांनीही केल्या. त्या जरूर असाव्यात. पण या योजना ज्यांनी नोकरी आधीच सोडली त्यांच्यासाठी आहेत. तेथे पुन्हा निवड होते, पुन्हा मुलाखत होते, बरेचदा सुरुवात ठरावीक मुदतीच्या कामाने होते. जिची नोकरी मुळात तुटायलाच नको होती तिला निवडीच्या रांगेत उभे करून त्याला सन्मान म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही.

आता याच तालुक्याशेजारच्या पुणे शहरातील केंद्र सरकारच्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिक भगिनीचे पाहा. तिचेही मूल पाच महिन्यांचेच आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर १ सप्टेंबर २००८ पासून तिला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. आज त्यातील पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी आहेत आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगाराचे. ही रजा सलग घेता येते की तुकड्यातुकड्यांनीच, हा वाद अंदमान-निकोबार प्रशासनातील काकली घोष यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने सलग ७३० दिवसही घेता येतील असा निर्वाळा दिला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. केंद्राच्या मानाने ती तोकडी आहे, पण पगारी आहे. अर्थात ही रजादेखील हक्क म्हणून ओरबाडून घेता येत नाही, वरिष्ठांची पूर्वमंजुरी लागते. तरीही पगार, सेवा, पद, ज्येष्ठता, सगळे जागेवर राहते. देहूरोडच्या अभियंत्याला ज्या वर्षाची किंमत सात लाख वीस हजार रुपये पडते आणि वर नोकरीची धास्ती, तेच वर्ष सरकारी लिपिकेला पूर्ण पगारात मिळते.

हा फरक आमच्या वाचकांना नवा वाटू नये. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या 'खाउजा' धोरणाने सरकारी नोकऱ्या आटवल्या तेव्हा आम्ही आरक्षण गेले म्हणून आक्रोश केला. तो योग्यच होता. परंतु आरक्षणाच्या जागेबरोबर त्या जागेला चिकटलेली बालसंगोपन रजाही गेली, हे आमच्या फार थोड्या विचारवंतांनी नोंदवले. आमच्या मुलीने आरक्षणाशिवाय, गुणवत्तेवर हिंजवडीत नोकरी मिळवून दाखवली. तेथे तिला पगार चांगला मिळाला. मूल झाल्यावर मात्र तिला कळले की तिच्या पाठीशी नियमाची भिंत नाही, फक्त मॅनेजरचा स्वभाव आहे.

खर्च कोणी सोसायचा, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे आणि तो बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. आणि सरकार उचलत नाही तोवर मालकाने का उचलावा, तर स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच तो त्यांना ठेवतो. जो फायदा घेतो त्याने खर्चाचा वाटाही घ्यावा. पुढल्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला.

या युक्तिवादाचा पहिला भाग आजवर अर्धवटच राहिला आहे. राज्य विमा योजनेखालील, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगार स्त्रीला सव्वीस आठवड्यांचा लाभ विमा निधीतून मिळतो. त्यावरच्या पगाराच्या स्त्रीचा सव्वीस आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाच्या अंगावर पडतो, सरकार एक पैसाही देत नाही. परिणाम काय होतो? मुलाखतीत लग्न झालेल्या मुलीला आडून आडून "पुढचा काय विचार आहे" असे विचारले जाते. वर्षाचा खंड मागणारीकडे तर "हिने आधीच सहा महिने घेतले" अशा नजरेने पाहिले जाते. सव्वीस आठवड्यांनंतरच्या वर्षासाठी एखादा निधी असता, ज्यात मालक, सरकार आणि कर्मचारी तिघांचा वाटा असता, तर तिला पगाराचा काही भाग मिळाला असता आणि मालकालाही तिची जागा राखून ठेवणे जड गेले नसते. विमा योजनेची यंत्रणा देशात आहे, वर्गणी गोळा करण्याची सवय आहे. २०२० च्या संहितेत तिला हे नवे कलम जोडता आले असते. ते कोणाला सुचले नाही, की सुचूनही नको होते?

आणखी एक गोष्ट खटकते. केंद्राची बालसंगोपन रजा पुरुषाला मिळते ती फक्त एकल पालक असल्यास. म्हणजे आई जिवंत आहे, घरात आहे, तर बापाने मूल सांभाळायचे नाही असे सरकारी नियमच गृहीत धरतो. मनूने स्त्रीला जे काम नेमून दिले तेच नियमाच्या पुस्तकात नव्या शब्दांत आले आहे. आमच्या चळवळीतल्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यालयात मूल सांभाळण्यासाठी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागून पाहिली आहे? आई वर्ष घेते तेव्हा बापाने त्यातले तीन महिने उचलले तर तिचे नऊच महिने जातात आणि कंपनीशी बोलणेही सोपे होते. आम्ही स्वतः हे केले नाही, हे येथे मान्य केलेले बरे.

आणि हिंजवडीच्याच त्या इमारतींत पहाटे फरशी पुसणाऱ्या, स्वच्छतागृहे धुणाऱ्या बायांचे काय? त्यांची हजेरी कंपनीच्या वहीत नसते, ठेकेदाराच्या वहीत असते. विमा योजनेत नाव असेल आणि वर्गणीचे ७० दिवस भरले असतील तर त्यांनाही बाळंतपणाचा लाभ मिळतो. पण ठेका बदलला की बाई बदलते. परत यायला तिच्यासाठी जागाच नसते, मग परतीच्या अटी ती कोणाकडे मागणार? त्यांच्यातलीच एखादी सहा महिन्यांचे मूल बहिणीकडे टाकून अभियंता बाईचे मूल सांभाळायला वाकडच्या सोसायटीत जाते. अभियंता बाईने वर्षाची रजा घेतली की हिचे काम जाते. दोघीही आमच्याच वस्तीतल्या असू शकतात. म्हणून ठेकेदार बदलला तरी त्या जागेवरच्या बाईची सेवा सलग धरावी, ही मागणी आणि वर्षाच्या रजेची मागणी एकाच निवेदनात गेली पाहिजे.

तूर्त ज्या भगिनींची रजा येत्या दोन-तीन महिन्यांत संपणार आहे त्यांनी नियुक्तिपत्र आणि कंपनीचे रजा धोरण काढून त्यात बिनपगारी रजेची कमाल मर्यादा किती दिली आहे ते आधी पाहावे. पुष्कळ कंपन्यांत ती तीन किंवा सहा महिन्यांची असते, आणि तशी असेल तर वर्षाचा अर्ज सरळ नाकारला जातो. अशा वेळी सहा महिन्यांची रजा आणि पुढचे सहा महिने घरून अर्धवेळ काम अशी मागणी करावी. घरून केलेले ते कामही प्रत्यक्ष कामच असते, आणि पगारपत्रकावर त्याची नोंद झाली की वर सांगितलेले ८० दिवस भरायलाही ते उपयोगी पडते.